बिल क्रमांक ११२ चं काय झालं?

हे पत्र तुम्ही वाचलेलं असेल. कदाचित पाठवलंही असेल.

“विषय : थकीत रकमेबाबत स्मरणपत्र क्र. २. प्रिय ग्राहक, आपणांस कळविण्यात येते की, आमच्या नोंदींनुसार आपल्या खात्यावर रु. २,३६,०००/- इतकी रक्कम थकीत आहे. सदर रकमेचा भरणा त्वरित करावा, अन्यथा पुढील योग्य ती कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी. आपण यापूर्वीच भरणा केला असल्यास सदर पत्राकडे दुर्लक्ष करावे. हे संगणकनिर्मित पत्र असून त्यावर सहीची आवश्यकता नाही.”

भोसरी, अंबड किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही शेडमध्ये विचारा, अशी पत्रं दर महिन्याला जातात. टॅलीत बटण दाबलं की रिमाइंडर लेटर तयार होतं, ते मेलला जोडायचं आणि पाठवायचं. समोरच्या कंपनीत अकाउंट्सच्या बाई ते उघडतात, विषय वाचतात आणि बंद करतात. त्यात त्यांचा आळस नसतो. पत्रातच लिहिलेलं असतं की दुर्लक्ष करा.

ते शेवटचं वाक्य नीट पाहा. ‘आधीच भरणा केला असल्यास’ याचा अर्थ असा, की पैसे आलेत की नाहीत हे पाठवणाऱ्याने पाहिलेलंच नाही. ज्याने स्वतःचं बँक खातं उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत, त्याला पैशांची फार घाई नसणार, असा हिशेब वाचणारा माणूस नकळत करतो. दोनशे पार्ट्यांची बिलं समोर पडलेली असतात, महिन्याला सुटणारा पैसा ठरलेला असतो आणि कोणाला आधी द्यायचं हे कुणीतरी ठरवायचं असतं. अशा वेळी ‘योग्य ती कारवाई’वाला मागे पडतो, आणि आज सकाळी फोन करून ‘११२ नंबरचं बिल लिस्टमध्ये आहे का?’ असं विचारणारा पुढे सरकतो.

आपण एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातला एकही तपशील ऑफिसात कधी न घडलेला नाही. पत्र्याचे ब्रॅकेट बनवणारा एक छोटा कारखानदार. त्याने मोठ्या कंपनीला ५०० ब्रॅकेट दिले, नगाला ४०० रुपये. माल दोन लाखांचा, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६,०००, एकूण २,३६,०००. बिल १० जूनचं, माल ११ जूनला पोचला. पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, लिहिलंय की माल मिळाल्यापासून ३० दिवसांत पेमेंट. म्हणजे ११ जुलै. आज ५ ऑगस्ट आहे. २५ दिवस उलटून गेलेत, दोन संगणकी पत्रं गेलीत आणि दोन्हींना उत्तर नाही.

आता हा गृहस्थ तिसरं पत्र स्वतः लिहायला बसतो, आणि इथे बहुतेक मराठी माणसं दुसऱ्या टोकाला जातात. ‘साहेब, त्रास देतोय, राग मानू नका, पण सवडीने त्या पेमेंटचं जरा बघता आलं तर बरं होईल.’ हे माणसाने लिहिलेलं आहे यात शंका नाही. पण यात मागणीच नाही. ‘सवडीने’ म्हटल्यावर सवड कधी मिळणार? आपल्याकडे स्वतःचे पैसे मागताना जी भीड वाटते, ती अशा वाक्यांत उतरते आणि वाचणारा ती अचूक ओळखतो. म्हणजे एकीकडे कोणाचीच नसलेली धमकी आणि दुसरीकडे माफी मागत केलेली विनंती. रक्कम, तारीख आणि नेमका प्रश्न या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे कुठेतरी हरवतात.

त्याने शेवटी जे लिहिलं ते असं. नावं गाळली आहेत, मूळ पत्रात ती असलीच पाहिजेत.

“विषय : बिल क्र. ११२, रु. २,३६,००० – १० ऑगस्टच्या पेमेंटमध्ये आहे का?

नमस्कार मॅडम,

५०० ब्रॅकेट ११ जूनला तुमच्या गेटवर उतरले. चलानावर स्टोअरचा शिक्का आहे, त्याचा फोटो जोडलाय. पीओप्रमाणे पेमेंट ११ जुलैला यायला हवं होतं. आज सकाळी बँक खातं तपासलं, पैसे आलेले नाहीत.

तुमच्याकडे १० आणि २५ तारखेला पेमेंट सुटतात. हे बिल १० तारखेच्या यादीत आहे का, एवढं मला ७ तारखेपर्यंत कळवा. कुठे अडकलं असेल तर तेही सांगा. माझ्याकडचा जो कागद लागेल तो त्याच दिवशी पाठवतो.

या बिलाचा जीएसटी मी जुलैतच भरलाय आणि पत्र्याचे पैसेही देऊन झालेत, त्यामुळे २५ तारखेपर्यंत थांबणं मला जमणार नाही. १० तारखेला पेमेंट आलं नाही, तर १८ ऑगस्टला द्यायचा पुढचा ५०० नगांचा लॉट मी पेमेंट येईपर्यंत थांबवेन. पर्चेसच्या साहेबांनाही हे आजच फोनवर सांगतोय, त्यांना ऐनवेळी कळायला नको.

आमचं बँक खातं बिलावर छापलेलं तेच आहे, बदललेलं नाही.”

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस्स.

या पत्रात एकही कडक शब्द नाही. ‘त्वरित’ नाही, ‘अन्यथा’ नाही, ‘कारवाई’ तर नाहीच. तरी पहिल्या पत्रापेक्षा ते जास्त टोचतं, कारण हे लिहिणाऱ्याला सगळं माहीत आहे हे वाचणाऱ्याला कळतं. चलानावर शिक्का आहे हे त्याला माहीत आहे. पेमेंट कोणत्या तारखांना सुटतात तेही माहीत आहे. मशिनला या गोष्टी ठाऊक नसतात, आणि पत्र माणसाचं वाटतं ते यामुळे. पत्राला ओलावा आणायचा म्हणून ‘आशा आहे आपण सर्व मजेत असाल’ अशी सुरुवात करायचं कारण नाही. ती ओळही आता इतकी साचेबंद झाली आहे की तीच संगणकी वाटते.

‘१० तारखेच्या यादीत आहे का’ या प्रश्नामागे थोडं धंद्याचं ज्ञान आहे. मोठ्या कंपनीत पेमेंट वाटेल त्या दिवशी होत नाही. महिन्यातले ठरावीक दिवस असतात, त्याच्या दोन-तीन दिवस आधी यादी बनते, तिच्यावर वरिष्ठांची सही होते आणि मग बँकेत फाइल जाते. यादी बंद झाल्यावर कितीही फोन केले तरी अकाउंट्सच्या बाईंच्या हातात काही नसतं. त्यांना ‘पेमेंट करा’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण पेमेंट त्या करत नाहीत. यादीत नाव घालणं मात्र त्या करू शकतात. म्हणून प्रश्न त्यांच्या आवाक्यातला विचारायचा, एका ओळीत उत्तर देता येईल असा. तुमच्या पार्टीचे दिवस कुठले, हे माहीत नसेल तर पत्राआधी फोन करून तेवढंच विचारून घ्यावं. कोणीही सांगतं.

दुसरी जागा ‘कुठे अडकलं असेल तर’ ही. पैसे थकतात तेव्हा समोरचा बुडवायलाच बसलाय असं आपण धरून चालतो. पुष्कळदा बिल खरोखरच कुठेतरी पडलेलं असतं. स्टोअरने माल उतरवून घेतला पण सिस्टिममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केली नाही. किंवा बिलावर पीओ नंबर चुकीचा आहे. किंवा क्वालिटीवाल्यांनी काही नग बाजूला काढून ठेवलेत आणि ते कोणी कळवलंच नाही. यातली एक जरी गोष्ट असेल तर बिल अकाउंट्सपर्यंत पोचतच नाही, आणि ‘बिल पुट-अप झालंय’ हे ठेवणीतलं उत्तर देणाऱ्यालाही ते पोचलेलं नाही याची कल्पना नसते. संगणकी पत्र या अडकलेल्या बिलाला कधीच सोडवत नाही, कारण ते प्रश्न विचारत नाही.

बँक खात्याची ओळ अनेकांना फालतू वाटेल. पण हल्ली मेल हॅक करून, पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’ असं लिहून लाखो रुपये पळवले जातात. ज्याचे पैसे राहिलेत त्याच्याकडून आलेल्या तगाद्याच्या मेलमध्ये असा बदल खपवणं तर सगळ्यात सोपं. त्यामुळे खातं खरोखर बदललं असेल तर ते थकबाकीच्या पत्रात कधीच लिहू नये. त्यासाठी वेगळं पत्र आणि वर फोन.

आता त्या ‘थांबवेन’बद्दल. पत्राला धार येते ती या वाक्याने, आणि इथेच घात होण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. कारखानदाराने तेच लिहिलं जे त्याच्या हातात आहे आणि जे तो खरोखर करणार आहे. पुढचा लॉट थांबला तर त्रास अकाउंट्सला नाही, उत्पादनाला होतो. मग पर्चेसचे साहेब स्वतः अकाउंट्सच्या टेबलापाशी जातात. पण हे लिहून १८ तारखेला माल मुकाट्याने पाठवला, तर त्या गिऱ्हाइकाकडे पुढच्या प्रत्येक पत्राची किंमत शून्य. माल थांबवणं परवडणार नसेल तर ते लिहू नये. ‘पुढचा लॉट अर्धी रक्कम आगाऊ मिळाल्यावर देईन’ असं लिहावं, किंवा ‘१० तारखेला मी स्वतः ऑफिसला येतो’ एवढंच. आणि करार नीट वाचून घ्यावा. वेळेवर माल न दिल्यास दंड असं पीओत असेल तर माल थांबवण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

‘जीएसटी मी भरलाय’ हे रडगाणं नाही, ही वस्तुस्थिती आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जूनच्या बिलाचा कर २० जुलैपर्यंत भरावा लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. स्वतःच्या खरेदीवरचा कर वजा जातो हे खरं, पण बाकीचा खिशातून. घरची अडचण, आजारपण, मुलीची फी हे मात्र पत्रात आणू नये असं माझं मत आहे. ते खरं असलं तरी त्याने मागणी हक्काची राहत नाही, उपकाराची होते.

मग कायदा कुठे आहे? या पत्रात तो मुद्दाम नाही. पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात असायला हवा.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी स्पष्ट तरतूद आहे. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण करारात काहीही लिहिलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. आपल्या उदाहरणात ४५ दिवस २६ जुलैला संपले. उशिरा दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला २०.२५ टक्के. त्या दराने २,३६,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचं व्याज जवळपास ३,९८० रुपये होतं. तरीही पैसे मिळाले नाहीत तर सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेचा निकाल मान्य नसेल तर गिऱ्हाइकाला आव्हान देण्यासाठी रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात, आणि या कायद्याचा खरा दात तोच.

पण मर्यादाही आहेत. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती, या व्याजासाठी नाही. आणि उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधीची असलेली बरी, नंतर केलेल्या नोंदणीवर वाद होतो.

व्हॉट्सअॅपवर तयार मसुदे फिरतात त्यांत आणखी एक धमकी असते, आयकराच्या एका कलमाची. ही तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आणली. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्याच वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे जूनचं बिल फेब्रुवारीत दिलं तरी वर्ष तेच, त्यामुळे गिऱ्हाइकाचं काही बिघडत नाही. हे कलम बोचतं ते ३१ मार्च जवळ आल्यावर. ऑगस्टमध्ये ते दाखवून कोणी घाबरत नाही, उलट समोरच्या सीएला हसू येतं आणि आपल्या बाकीच्या म्हणण्याचंही वजन कमी होतं.

मग हे सगळं लिहायचं कधी? माझ्या मते शेवटच्या पत्रात, तारखेला पैसे आले नाहीत आणि उत्तरही नाही अशा वेळी. तेव्हाही भाषा तीच ठेवावी. ‘२० ऑगस्टपर्यंत पैसे आले नाहीत तर २१ तारखेला मी सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करणार आहे. व्याज धरून रक्कम इतकी होते, हिशेब जोडलाय.’ यात आरडाओरडा नाही. आहे ते वेळापत्रक.

आणखी एक गोष्ट, उत्तराबद्दल. समजा फोनवर ऐकायला आलं, ‘हो हो, पुढच्या आठवड्यात सोडतो’. फोन ठेवल्याबरोबर दोन ओळींचा मेल टाकावा, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे ११२ नंबरचे २,३६,००० रुपये पुढच्या आठवड्यात येत आहेत, बरोबर ना?’ त्यावर नुसतं ‘हो’ आलं तरी रक्कम मान्य असल्याचा कागद हाती येतो. येणं वसूल करायला दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो, आणि त्या मुदतीत देणेकऱ्याने देणं लेखी, सहीनिशी मान्य केलं तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मुदत नव्याने सुरू होते. त्या कागदाची गरज बहुधा पडणार नाही. पण ‘मालच मिळाला नव्हता’ असं दोन वर्षांनी म्हणायची सोय राहत नाही.

आपल्या कारखानदाराला काय उत्तर आलं असेल? समजा ६ तारखेला मेल आला, ‘सर, जीआरएन ४८० ची आहे, २० नग रिजेक्शनमध्ये आहेत, म्हणून बिल होल्डवर आहे.’ दोन महिन्यांत हे कोणीच बोललं नव्हतं. कायद्याने पाहिलं तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे तो पूर्ण ५०० नगांवर अडून बसू शकतो. पण २० नगांचे ९,४४० रुपये आहेत आणि अडकलेत २,३६,०००. भांडण ९,४४० साठी करायचं की बाकीचे पैसे आधी सोडवायचे, हे त्याने ठरवायचं.

त्याने उलट लिहिलं, “मॅडम, कळवलंत ते बरं झालं. मला १५ दिवसांत रिजेक्शनचं काही आलं नव्हतं, तेव्हा २० नगांचा विषय मी सोडलेला नाही. पण त्यासाठी ४८० नगांचं पेमेंट अडवू नका. त्याचे २,२६,५६० होतात, ते १० तारखेच्या यादीत घ्या. ९ तारखेला सकाळी ११ वाजता मी तुमच्या क्वालिटीला येतो, नग बघतो. चूक माझी निघाली तर तिथेच मान्य करून क्रेडिट नोट देतो, नाहीतर उरलेले ९,४४० रुपये २५ तारखेला.”

मेल पाठवून त्याने क्वालिटीच्या माणसाला फोन लावला आणि ते २० नग स्क्रॅपमध्ये टाकले नाहीत ना, हे आधी विचारून घेतलं.